ऑइल बदललं तरी महिनाभरात पुन्हा फेस: प्रेस ‘स्पंजी’ का होते आणि हवा कुठून शिरते ते कसं शोधायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शॉपमधली तक्रार. कास्टिंगमध्ये बुश बसवायची 30 टनी हायड्रॉलिक प्रेस. रॅम कामाला टेकतो, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि नंतर दाब चढतो. हळू खाली आणायला गेलं तर रॅम सरळ न उतरता धक्के खात उतरतो. टाकीचं झाकण उघडलं की वर पांढरा फेस. ऑइल बदललं की तीन-चार आठवडे सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच रडगाणं. तिथल्या फिटरमामांनी दुखणं एका वाक्यात सांगितलं होतं: “सकाळी बरं चालतंय, अकरानंतर एअर घ्यालंय बघा. जेवणाची सुट्टी झाली की परत बरं.”

या एका वाक्यात निम्मं निदान आहे. उद्यमबाग असो की मच्छे, फाउंड्रीच्या आसपास चालणाऱ्या पॉवरपॅकवर ही तक्रार इतक्या वेळा येते, आणि दर वेळी ऑइलवर इतका खर्च होतो, की हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहावंसं वाटलं.

हवा असली की नक्की काय होतं

ऑइलमध्ये हवा दोन प्रकारे असते. एक विरघळलेली. साध्या मिनरल हायड्रॉलिक ऑइलमध्ये वातावरणाच्या दाबाला आकारमानाच्या साधारण 8 ते 10 टक्के हवा विरघळलेली असतेच, नव्या बॅरलमध्येसुद्धा. ती दिसत नाही आणि तिच्यामुळे मशीन मऊ पडत नाही. दुसरी बुडबुड्यांच्या रूपातली. खरा त्रास हिचा.

या प्रेसचा सिलिंडर 160 मिलिमीटर बोअरचा आणि 500 स्ट्रोकचा. पिस्टनचं क्षेत्रफळ 201 चौरस सेंटीमीटर. रॅम 400 मिलिमीटर खाली आला की पिस्टनवर सुमारे 8 लिटर ऑइल असतं. त्यात 3 टक्के बुडबुडे धरले तर ती 240 मिलिलिटर हवा झाली. दाब चढताना ती दबून जवळपास नाहीशी होते आणि तिची जागा पंपाला भरून काढावी लागते. 240 ला 201 ने भागा: रॅमच्या हिशेबात 12 मिलिमीटर. पंप मिनिटाला 20 लिटरचा, म्हणजे सेकंदाला 333 मिलिलिटर. एवढी पोकळी भरायला त्याला सुमारे पाऊण सेकंद लागतं. टेकल्यावर रॅम थांबतो आणि मगच जोर लावतो, तो हा पाऊण सेकंद.

ऑइलही दबतं, पण 100 बारला जेमतेम 0.6 ते 0.7 टक्के. या सिलिंडरमध्ये ते अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं आणि दाबाबरोबर एकसारखं वाढत जातं, म्हणून हाताला जाणवत नाही. हवेचं वागणं वेगळं. दाब शून्यापासून 10 बारपर्यंत जातानाच ती मूळच्या अकराव्या हिश्श्याएवढी उरते. म्हणून मऊपणा सगळा खालच्या दाबात असतो. 150 बारवर प्रेस कडकच लागते आणि गेज पूर्ण टनेज दाखवतं. ‘दाब तर पुरा येतोय, मग पंप चांगलाच आहे’ असं म्हणून लोक फसतात ते इथेच. बिनलोड, हळू चालीत रॅम धक्के का खातो याचंही कारण हेच. तिथे दाब कमी असतो, बुडबुडे मोठे असतात, आणि सीलचं घर्षण जरा कमी-जास्त झालं की रॅम अडकतो आणि सुटतो.

जेवणाच्या सुट्टीत बरं का होतं

मोठा बुडबुडा पटकन वर येतो, बारीक येत नाही. 46 ग्रेडचं ऑइल 40 अंशांवर असताना एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला साधारण 12 मिलिमीटर चढतो, म्हणजे 30 सेंटीमीटर खोल टाकीतून अर्ध्या मिनिटाच्या आत वर. बुडबुडा 0.1 मिलिमीटरचा असेल तर तो मिनिटाला 7 मिलिमीटर एवढाच सरकतो. तेच 30 सेंटीमीटर चढायला त्याला 40 मिनिटांहून जास्त लागतात. गिअर पंपातून गेलेली हवा अशीच दळून बारीक झालेली असते.

या टाकीत 100 लिटर ऑइल, पंप 20 लिटरचा. म्हणजे ऑइल टाकीत सरासरी पाच मिनिटंच थांबतं आणि पुन्हा सक्शनमध्ये जातं. बारीक बुडबुड्यांना वर यायला तेवढा वेळ पुरत नाही. ते तसेच फिरत राहतात आणि नवी हवा त्यांत भर घालते. पाऊण तासाची सुट्टी झाली की ऑइल निवळतं, मशीन बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा बिघडतं.

यावरून एक गोष्ट पक्की होते. थांबलं की बरं होतं आणि चाललं की बिघडतं, याचा अर्थ हवा आत अडकून पडलेली नाही, ती चालू मशीनमध्ये सतत शिरते आहे. सिलिंडरचा ब्लीड प्लग सोडून ‘एअर काढणं’ हा इथे उपाय नाही. आज काढाल, उद्या तेवढीच भरेल.

आधी बरणी, मग पाना

मशीन चालू असताना टाकीच्या मध्यावरून स्वच्छ काचेच्या बरणीत ऑइल घ्या आणि टेबलावर ठेवून बघत बसा. हवा असेल तर गढूळपणा तळाकडून कमी होत जातो. खाली स्वच्छ थर दिसतो आणि तो हळूहळू वर सरकतो. तास उलटूनही ऑइल दुधाळच राहिलं तर ते पाणी समजा.

आपल्याकडे ही खात्री करावीच लागते. बेळगाव-खानापूरच्या पावसात टाकीचा श्वास म्हणजे ओलसर हवा. रात्री टाकी थंड झाली की पत्र्याला आतून घाम येतो आणि ते पाणी ऑइलमध्ये उतरतं. पाण्यानेही फेस वाढतो. शंका असेल तर तवा चांगला तापवून, 130 अंशांच्या वर, त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. चष्मा घालून, चेहरा लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे, नुसताच धूर आला तर नाही. या प्रेसचं ऑइल तडतडलं नाही, आणि बरणी तळाकडून निवळत गेली. हवाच होती.

पंपाचा आवाज आणि सक्शनचं गेज

पंप दोन कारणांनी ओरडतो आणि दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. सक्शनला ऑइल पुरेसं मिळत नसेल तर कॅव्हिटेशन होतं. आवाज एकसारखा, उंच सुरातला, किंचाळल्यासारखा असतो. बाहेरची हवा शिरत असेल तर आवाज खडबडीत आणि कमी-जास्त होणारा, आत छर्रे फिरावेत तसा. अनुभवी कान हे ओळखतो, पण नुसत्या कानावर विसंबून पंप उतरवू नका. पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज लावा.

साध्या गिअर पंपाला इनलेटवर 0.2 ते 0.3 बारपर्यंत व्हॅक्यूम चालतो. नेमका आकडा पंप बनवणाऱ्याच्या कागदावर बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे वातावरणाचा दाबच समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. ऑइल पंपात ढकलणारा जोर तेवढा कमी मिळतो, म्हणून मी 0.2 च्या वर गेलं की सावध होतो.

वाचायचं कसं? व्हॅक्यूम जास्त असेल तर सक्शनची जाळी तुंबलेली, नळी बारीक, ऑइल थंड आणि जाड, किंवा होज आतून सोललेली. व्हॅक्यूम कमी असून फेस येत असेल तर हवा रिटर्नच्या बाजूने किंवा एखाद्या मोठ्या फटीतून येते आहे. या प्रेसवर गेजने 0.35 दाखवलं. म्हणजे जाळी तुंबली होती. पण नुसती तुंबलेली जाळी बाहेरची हवा आत आणत नाही. मग हवा कुठून?

न गळणारी गळती

पंप टाकीच्या वर बसवलेला होता आणि सक्शनची नळी झाकणातून वर आलेली. अशा रचनेत सक्शनचा जॉइंट सैल असला तरी बाहेर ऑइलचा थेंबही दिसत नाही. चालू असताना तिथे व्हॅक्यूम असतो, म्हणून हवा आत ओढली जाते. बंद केलं की नळीतलं ऑइल टाकीत परत उतरतं. जॉइंट कोरडाठाक, धूळ बसलेला. बघणारा म्हणतो, इथे काही नाही. पंप टाकीच्या खाली असेल तर मशीन बंद असताना तोच जॉइंट पाझरतो आणि सापडतो. वरच्या पंपाला तो शोधायलाच लागतो.

शोधायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. मशीन बिनलोड चालू ठेवा आणि ऑइलच्या डबीने सक्शनच्या एकेका जॉइंटवर तेच ऑइल धार धरून ओता. फटीतून हवेऐवजी ऑइल ओढलं गेलं की काही सेकंद पंपाचा आवाज एकदम मऊ होतो. एका जॉइंटवर ओतल्यावर थोडं थांबा, मगच पुढच्याकडे जा, नाहीतर कोणत्या जॉइंटने फरक पडला ते कळत नाही. टाकीकडून पंपाकडे क्रमाने या: झाकणातून नळी बाहेर येते ती जागा, निप्पल, होजचे क्लॅम्प, पंपाचा सक्शन फ्लँज. पंपाचं शाफ्ट सील शेवटी तपासा. कपलिंगचं गार्ड काढून चालत्या शाफ्टजवळ कोणीही हात नेऊ नये. मशीन बंद करून सीलभोवती दाटून ग्रीस भरा, गार्ड लावा, मग चालवा. काही मिनिटं आवाज सुधारला तर सील हवा घेतंय.

ही रीत फक्त सक्शनसाठी. दाबाच्या बाजूची गळती हात फिरवून कधीही शोधू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीतून आत घुसतं. जखम टिकलीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं कोणाला झालं तर दुखण्याची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठायचं.

या प्रेसवर फ्लँजजवळ ऑइल ओतलं आणि खडखड थांबली. थोड्या वेळाने परत सुरू झाली. पुन्हा ओतलं, पुन्हा थांबली. फ्लँज खोलल्यावर आतली ओ-रिंग चपटी आणि कडक निघाली, नखाने दाबून दबत नव्हती. वरच्या निप्पलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर. टेप गुंडाळून आवळलेली आट्याची सांधणी कंपनाने सैल होते आणि पुन्हा आवळताना टेप फाटतो. सक्शनला अशी सांधणी नकोच.

मग ऑइल बदलल्यावर बरं का वाटायचं?

या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं हेच आहे. ऑइल बदलताना टाकी रिकामी होते, आणि टाकी रिकामी झाली की मिस्त्री जाळी धुतात. जाळी स्वच्छ असताना इनलेटचा व्हॅक्यूम 0.1 बारच्या आसपास राहायचा. तेवढ्या ओढीला ती कडक ओ-रिंग कशीबशी तग धरायची. पुढे जाळी भरत जायची, व्हॅक्यूम वाढायचा आणि फट हवा घ्यायला लागायची. बरं करत होती ती जाळीची धुलाई. श्रेय मात्र नव्या ऑइलला मिळायचं.

जाळी एवढ्या लवकर का भरायची? टाकीच्या फिलरवर ब्रीदरचं टोपण नव्हतं. कधीतरी हरवलेलं, त्याजागी बोळा कोंबलेला. शेजारीच फाउंड्रीचं शेकआउट, हवेत वाळूची बारीक धूळ कायम. रॅम खाली गेला की टाकीतलं ऑइल कमी होतं आणि तेवढी हवा बाहेरून आत येते. दर स्ट्रोकला टाकी ही धूळ ओढत होती. ब्रीदर नाही म्हणून धूळ, धूळ म्हणून जाळी, जाळीमुळे व्हॅक्यूम, व्हॅक्यूममुळे फट, फटीतून हवा आणि हवेमुळे मऊ प्रेस. एवढ्या लांबच्या साखळीत ऑइल बदलणं म्हणजे मधलीच एक कडी पुसून घेणं.

रिटर्नकडेही एक छोटा दोष होता. रिटर्नची नळी पातळीच्या खाली जेमतेम एक सेंटीमीटर बुडलेली. रॅम पूर्ण खाली गेला की रॉडच्या आकारमानाएवढं ऑइल टाकीतून कमी होतं. इथे रॉड 110 मिलिमीटरचा, म्हणजे पावणेपाच लिटर. टाकीचा तळ 60 बाय 45 सेंटीमीटर, म्हणून पातळी पावणेदोन सेंटीमीटर उतरते. नळीचं तोंड तेवढ्यापुरतं उघडं पडायचं आणि रिटर्नचं ऑइल वरून धबधब्यासारखं पडून ताक घुसळावं तसा फेस करायचं. म्हणून ऑइलची पातळी रॅम आत असताना भरायची आणि रॅम पूर्ण बाहेर असताना रिटर्नचं तोंड बुडलेलं आहे का हे बघायचं. दुसरी पायरी बहुतेक लोक विसरतात.

काय केलं

फ्लँजला नवी नायट्राइल ओ-रिंग, तिच्या बसायच्या जागेवरचे ओरखडे पॉलिश करून. टेपची सांधणी काढून ओ-रिंगवर बसणारा अॅडॉप्टर. होज बदलून आत तारेची गुंडाळी असलेली, सक्शनसाठीचीच होज, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प. साधी रबरी नळी ऑइल तापलं की व्हॅक्यूमने आत चिमटते आणि बाहेरून कळतही नाही. जाळी 125 मायक्रॉनची नवी. फिलरवर फिल्टरवाला ब्रीदर. रिटर्नची नळी लांब करून तिचं टोक 45 अंशांत कापलं आणि टाकीच्या भिंतीकडे तोंड करून सोडलं, तळापासून नळीच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त उंचीवर. सक्शन आणि रिटर्न यांच्यात आडवा पत्रा नव्हता, तोही लावला, म्हणजे परत आलेलं ऑइल सरळ सक्शनकडे न जाता वळसा घालून जातं आणि बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो.

हे झाल्यावर मात्र सिलिंडरमधली हवा काढायची. रिलीफ व्हॉल्व्ह अगदी खालच्या दाबावर आणून बिनलोड पूर्ण स्ट्रोक सावकाश चालवले, तोपर्यंत कोणतंही फिटिंग ढिलं केलं नाही. बहुतेक हवा अशीच टाकीत परत येते. सिलिंडर लहान आणि होज लांब असेल तर मात्र तेच ऑइल होजमध्ये पुढे-मागे होत राहतं आणि टाकीपर्यंत पोचतच नाही. तिथे रॅम ठोकळ्यावर टेकवून, कमी दाबावर, सिलिंडरच्या वरच्या बाजूचा ब्लीड प्लग जरासा सोडावा लागतो. फेसाळ ऑइल येऊन स्वच्छ धार लागली की आवळायचा.

नंतर गेजने 0.1 बार दाखवलं. टेकल्यावरचं थांबणं गेलं आणि दुपारच्या बरणीतलं ऑइल सकाळच्या बरणीसारखंच स्वच्छ होतं.

फेस मारायचं औषध

दुकानात फेस मारायचं औषध मिळतं आणि बरेच जण ते टाकतात. कळकळीने सांगतो, टाकू नका. ही औषधं बहुधा सिलिकॉनची. ऑइल बनवणारा ती दहा लाखात काही भाग इतक्या थोड्या प्रमाणात आधीच घालतो. वरून जास्त टाकलं की पृष्ठभागावरचा फेस फुटतो खरा, पण ऑइलच्या पोटातले बारीक बुडबुडे सुटायला उलट जास्त वेळ लागतो. टाकी दिसायला स्वच्छ होते आणि प्रेस आणखी मऊ. मशीनला त्रास पृष्ठभागावरच्या फेसाचा कमी आणि पोटातल्या बुडबुड्यांचा जास्त असतो. टाकीच्या झाकणाला सिलिकॉन सीलंट थापण्याची सवयही याच कारणासाठी वाईट. त्याचे तुकडे आणि अंश ऑइलमध्ये उतरतात.

सक्शन घट्ट, रिटर्न बुडालेला, पाणी नाही, पातळी बरोबर, आणि तरीही फेस जात नसेल तर, आणि तेव्हाच, संशय ऑइलवर घ्यावा. वेगवेगळ्या कंपन्यांची किंवा जातींची ऑइल मिसळली गेली आहेत का, टाकीत इंजिन ऑइल, ग्रीस किंवा कूलंट गेलं आहे का, हे विचारा. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवताना दोन चाचण्या नाव घेऊन मागा: फेसाची, म्हणजे एएसटीएम डी 892, आणि हवा सुटण्याची, म्हणजे एएसटीएम डी 3427. फक्त पहिली मागितली तर वर सांगितलेला घोटाळा लपून राहतो. अँटीवेअर प्रकारच्या नव्या 46 ग्रेडच्या ऑइलमधून 50 अंशांवर हवा सुटायला जास्तीत जास्त 10 मिनिटं लागावीत अशी मर्यादा आहे. तुमच्या नमुन्याला याहून बराच जास्त वेळ लागत असेल तर ऑइल पूर्ण काढा, टाकी पुसून, नळ्या आणि सिलिंडर फ्लश करून मगच नवं भरा. अर्धं जुनं ठेवून अर्धं नवं टाकलं तर बिघडवणारा पदार्थ आतच राहतो.

महिनोन्महिने हवा घेऊन चाललेल्या पंपाची वेगळी तपासणी करा. बुडबुडे दाबाच्या बाजूला झटक्यात दबतात तेव्हा तिथे ठिणगीसारखी उष्णता तयार होते. ऑइल काळं पडतं, त्याला जळकट वास येतो, सील कडेने जळतात आणि पंपाच्या प्लेटवर बारीक खड्डे पडतात. हवा बंद करूनही पंप गरम ऑइलवर दाब धरत नसेल तर ही झीज झालेली आहे, आणि ती कोणत्याही ओ-रिंगने भरून येत नाही. या प्रेसच्या प्लेटवर खड्ड्यांची सुरुवात दिसली होती. पंप तूर्त ठेवला आहे, आणि इनलेटचं गेज काढून न घेता तिथेच कायमचं बसवलं आहे. 0.2 दिसलं की जाळी धुवायची, एवढं फिटरमामांनी खडूने टाकीवर लिहून ठेवलंय.